‘करण्यात येत आहे’ कधी लिहायचं, आणि कधी नाही

माझं शिक्षण मुंबईत इंग्रजी माध्यमात झालं. घरी मराठी बोलायचो, पण लिहायची वेळ फारशी आली नाही. पुढे भाषांतराचं काम मिळालं: बँकांची पत्रकं, विम्याच्या पुस्तिका, सोसायट्यांच्या नोटिसा. पहिल्या दोन वर्षांत माझ्या मजकुरावर सगळ्यात जास्त लाल रेघा पडल्या त्या एकाच जागी. ‘कडून’, ‘द्वारे’, ‘केले जाते’, ‘केले गेले’. व्याकरणाने वाक्यं बरोबर असायची, तरी वाचणाऱ्याला ती कुठल्यातरी परक्या माणसाने लिहिल्यासारखी वाटायची.

आमच्याच मजल्यावर राहणारे एक काका गिरगावातल्या छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाले होते, पण हातातली लाल पेन्सिल सुटली नव्हती. त्यांच्याकडे बसून मी हे शिकले. कर्तरी वाक्य कर्मणीत फिरवायचं कसं, हे शाळेच्या पुस्तकातही सापडतं. पण मराठी माणूस आपणहून ते कधी फिरवतो, हे कोणी सांगत नाही. नव्याने भाषांतर, संपादन किंवा सोसायटीचं सचिवपद अंगावर घेणाऱ्यांसाठी ते इथे क्रमाने लिहिते आहे.

जवळ काय ठेवायचं

- एक मराठी शब्दकोश, ज्यात नामापुढे पु., स्त्री., न. असं लिंग दिलेलं असतं. हा सतत लागतो.
- तुमचाच जुना मजकूर, एखाद-दोन पानं. दुसऱ्याच्या उदाहरणांवर हे वळण बसत नाही.
- मराठी वर्तमानपत्राचं शहराच्या बातम्यांचं पान.
- दोन रंगांची पेनं. एकाने कर्त्याखाली, दुसऱ्याने कर्माखाली रेघ मारायची.

## १. आधी एक गैरसमज दूर करा

शाळेत आपण शिकतो की ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग. कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. हे बरोबरच आहे. पण इंग्रजी शाळेत शिकलेला माणूस ‘कर्मणी’ म्हटलं की लगेच इंग्रजीतलं ते कर्ता मागे ढकलणारं वाक्य डोळ्यांपुढे आणतो, आणि तिथे घोटाळा होतो. ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्यात राम कुठेही मागे गेलेला नाही. तोच वाक्याचा नायक आहे. व्याकरणात याला प्रधानकर्तृक कर्मणी म्हणतात, ते याचसाठी: क्रियापद कर्माकडे बघून बदलतं, पण प्रधान कर्ताच.

हा नुसता नावांचा वाद नाही. यातून मराठीची एक मोठी सोय निघते आणि ती नवख्याला दिसत नाही. क्रियापद आधीच कर्माशी बांधलेलं असल्यामुळे कर्ता सरळ गाळून टाकला तरी वाक्य उभं राहतं:

महापालिकेने रस्ता खणला आहे. → रस्ता खणला आहे.

एवढंच. ‘गेला’ नको, ‘आला’ नको, ‘कडून’ तर नकोच. सकाळी रिक्षावाल्याला विचारा, इकडून का नाही नेत, तर तो म्हणेल, ‘पुढे रस्ता खणलाय.’ वॉचमन सांगतो, ‘लिफ्ट बंद केलीये.’ आई म्हणते, ‘डबा भरून ठेवलाय.’ कोणी खणला, कोणी बंद केली, याची वाक्याला गरजच नाही. बोलण्यातल्या मराठीत कर्ता मागे ठेवायची ही सगळ्यात आवडती रीत आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या ही रीत पुरत नाही तिथेच कामाच्या आहेत.

ती कुठे पुरत नाही? एक तर वर्तमान आणि भविष्यकाळात, कारण तिथे क्रियापद कर्त्याशी बांधलेलं असतं. ‘समिती हिशेब तपासते’ यातून ‘समिती’ काढली तर उरलेलं ‘हिशेब तपासते’ लंगडं होतं. वाचणारा विचारतो, कोण ती? आणि दुसरं, विसरणे, शिकणे, पिणे अशी काही क्रियापदं भूतकाळातही कर्त्यालाच धरून राहतात. ‘ती चावी विसरली’ यातून ‘ती’ काढून भागत नाही. तिथे मराठी माणूस क्रियापदच बदलतो आणि ‘चावी घरी राहिली’ म्हणतो. या रीतीकडे तिसऱ्या पायरीत येऊ.

## २. वाक्य फिरवायची कृती

दोन साचे आहेत. दोन्ही हाताखालून जायला हवेत.

पहिला साचा: -ला जाणे

‘समिती हिशेब तपासते’ हेच वाक्य घ्या.

अ) क्रियापदाला ‘काय?’ विचारा. समिती काय तपासते? हिशेब. हे कर्म.
आ) कोशात लिंग बघा. हिशेब पुल्लिंगी, इथे एकवचनी.
इ) मूळ क्रियापदाचं भूतकाळी रूप कर्माला जुळवा: तपासला.
ई) मूळ वाक्याचा जो काळ होता, तो ‘जाणे’ला द्या आणि तेही कर्माला जुळवा: जातो.
उ) कर्ता काढून टाका. उत्तर: हिशेब तपासला जातो.

काळ बदलला की फक्त शेवटचा शब्द बदलतो. समितीने हिशेब तपासला, तर ‘तपासला गेला’. तपासेल, तर ‘तपासला जाईल’. तपासत आहे, तर ‘तपासला जात आहे’. कर्म बदललं की दोन्ही शब्द बदलतात: पावती तपासली जाते, पावत्या तपासल्या जातात, बिल तपासलं जातं, बिलं तपासली जातात.

अडतं ते वेड्यावाकड्या रूपांपाशी: करणे–केला, घेणे–घेतला, देणे–दिला, खाणे–खाल्ला, सांगणे–सांगितला, मागणे–मागितला, धुणे–धुतला, घालणे–घातला. ही आठ पाठच करा.

दुसरा साचा: -ण्यात येणे

हा करायला सोपा आहे. क्रियापदाला ‘-ण्यात’ लावा, ते कधीच बदलत नाही: तपासण्यात, करण्यात, घेण्यात, देण्यात. मग ‘येणे’ कर्माला जुळवा: हिशेब तपासण्यात आला, पावत्या तपासण्यात आल्या, बिल तपासण्यात आले. शेजारच्या गुजराती मंडळींना हा साचा लगेच कळतो, कारण त्यांच्याकडे ‘करवामां आवे छे’ असंच म्हणतात. हिंदीत असा साचा नाही. तिथे सगळं ‘किया जाता है’. म्हणून हिंदीतून मराठीकडे येणारा माणूस ‘केले जाते’ जरा जास्तच वापरतो. तो का जास्त होतो, हे चौथ्या पायरीत येईल.

इथले दोन सापळे

पहिला जुळणीचा. लांब वाक्यात कर्म आणि क्रियापद दूर पडतात, आणि हात आपोआप ‘आले आहे’ लिहून मोकळा होतो. ‘रविवारच्या मेगाब्लॉकमुळे ठाण्याहून सुटणाऱ्या काही जलद लोकलच्या फेऱ्या रद्द करण्यात आले आहे’ असं लिहिलेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे. फेऱ्या स्त्रीलिंगी, अनेकवचनी. म्हणून ‘करण्यात आल्या आहेत’. यावर काकांचा उपाय साधा होता: मधलं सगळं झाकायचं आणि कर्म आणि शेवट एवढंच मोठ्याने वाचायचं. ‘फेऱ्या आले आहे’ हे कानाला लगेच टोचतं.

दुसरा सापळा ‘ला’, ‘ना’ लागलेल्या कर्माचा. ज्या नामाला हा प्रत्यय लागला, त्याच्याशी क्रियापद जुळत नाही. ‘सभासदांना बोलावण्यात आले’ असं नपुंसकलिंगी एकवचन येतं, सभासद पन्नास असले तरी. पण ‘आरोपींना अटक करण्यात आली’, कारण तिथे ‘अटक’ हे स्त्रीलिंगी नाम मोकळं आहे आणि क्रियापद त्याला धरतं. ‘नव्या सभासदांना ओळखपत्रे देण्यात आली’ हेही तसंच. आणि इंग्रजी मनात ठेवून ‘सभासद सूचित केले जातात’ लिहू नका. ‘सभासदांना कळवण्यात येते’ लिहा.

## ३. फिरवण्याआधी जोडीचं क्रियापद शोधा

मला वाटतं, माझ्या मजकुराला मराठी वळण आलं ते या पायरीने. मराठीत कितीतरी क्रियापदांच्या जोड्या आहेत: एक करणाऱ्याची, एक घडणाऱ्याची. तोडणे–तुटणे, फोडणे–फुटणे, फाडणे–फाटणे, सोडणे–सुटणे, पाडणे–पडणे, जोडणे–जुळणे. आणि जिथे अशी जोडी नाही, तिथे ‘करणे’ला ‘होणे’ उभं राहतं: रद्द करणे–रद्द होणे, मंजूर करणे–मंजूर होणे, सुरू करणे–सुरू होणे.

इंग्रजीत ज्यासाठी वाक्य फिरवावं लागतं, ते मराठीत नुसतं क्रियापद बदलून होतं. गेटवे ऑफ इंडियावरच्या एका माहितीपत्रकात मी आधी लिहिलं होतं, ‘ही वास्तू १९२४ साली उद्घाटित केली गेली.’ काकांनी त्यावर रेघ मारून वर लिहिलं: ‘या वास्तूचे उद्घाटन १९२४ साली झाले.’ त्याच पत्रकात पुढे रेल्वे होती. ‘१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी चालवली गेली’ असं माझं वाक्य होतं. त्यांचं: ‘पहिली प्रवासी गाडी धावली.’ गाडीला धावता येतं. तिला कोणी चालवलं हे इथे कोणी विचारत नाही, मग ते लपवायचा खटाटोप कशाला?

याच कुळातल्या आणखी दोन गोष्टी. ‘मिळणे’ हे मराठीचं फार कष्टाळू क्रियापद आहे. ‘येथे साडीला फॉल-पिको करून मिळेल’, ‘झेरॉक्स काढून मिळतील’, ‘पोळीभाजी मिळेल’. दादरपासून डोंबिवलीपर्यंत दुकानांच्या पाट्या अशाच असतात. ‘येथे फॉल-पिको केले जाते’ हेही चुकीचं नाही, पण त्यात गिऱ्हाईक नाही. ‘करून मिळेल’मध्ये ते आहे.

दुसरी गोष्ट ‘-ऊन झालं’. काम संपलं हे सांगायचं असेल तर ‘भाषांतर पूर्ण केलं गेलं आहे’ असं कोणी म्हणत नाही. ‘भाषांतर करून झालं’ म्हणतात. व्याकरणात याला समापन कर्मणी असं नाव आहे, म्हणजे हाही कर्मणीच. फक्त आपण तो इतका रोज बोलतो की तो तसा आहे हे लक्षात येत नाही.

## ४. ‘जाणे’ की ‘येणे’

जोडीचं क्रियापद चालत नाही, कर्ता गाळूनही भागत नाही, तर मग दोन साच्यांपैकी एक निवडायचा. हे दोन्ही एकाच अर्थाचे आहेत असं समजून मी बरेच दिवस आलटून पालटून वापरत होते. तसं करू नये.

‘-ण्यात येणे’मागे कोणीतरी ठरवणारा माणूस असतो. त्याचं नाव नसेल, पण त्याचा निर्णय असतो. म्हणून हा साचा कचेरी, सभा, नोटीस, बातमी यांत शोभतो: सुट्टी जाहीर करण्यात आली, अर्ज १५ तारखेपर्यंत स्वीकारण्यात येतील, मेगाब्लॉक घेण्यात येणार आहे.

‘-ला जाणे’मध्ये निर्णयावर भर नसतो. एखादी रीत, सर्वसाधारण वहिवाट, किंवा घडून गेलेली गोष्ट त्यातून सांगतात: नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात समुद्राला नारळ अर्पण केला जातो. संक्रांतीला तिळगूळ वाटला जातो. उकडीचे मोदक तांदळाच्या पिठाचे केले जातात. ‘मोदक करण्यात येतात’ असं लिहिलंत तर स्वयंपाकघरात सरकारी समिती बसल्यासारखं होईल. बोलताना तर यातलंही काही नको. ‘समुद्राला नारळ वाहतात’, ‘तिळगूळ वाटतात’ असं कर्ता नसलेलं अनेकवचन पुरतं.

फरक नीट कळावा म्हणून ही तीन वाक्यं बघा:

वादळात झाड पडलं.
वादळात झाड पाडलं गेलं.
वादळात झाड पाडण्यात आलं.

पहिलं बरोबर. दुसरं ऐकून प्रश्न पडतो, कोणी पाडलं? तिसऱ्याचा अर्थ सरळ असा होतो की वादळ चालू असताना कोणीतरी ठरवून झाड तोडलं. माझ्या हातून अशीच एक चूक अपघाताच्या मजकुरात झाली होती. ‘अपघातात दोन जणांना ठार करण्यात आले.’ छापायच्या आधी ती पकडली, नाहीतर एका दुर्दैवी अपघाताचा खून झाला असता. अपघातात माणसं ‘ठार होतात’ किंवा ‘मृत्युमुखी पडतात’. ‘ठार करण्यात’ येतं ते जाणूनबुजून, जसं चकमकीत.

म्हणून ‘-ण्यात येणे’ लिहिल्यावर एक परीक्षा घ्या. वाक्यात ‘मुद्दाम’ हा शब्द घालून बघा. अर्थ टिकला तर साचा बरोबर. ‘फेऱ्या मुद्दाम रद्द करण्यात आल्या’: चालतं. ‘पावसात छत्री मुद्दाम मोडण्यात आली’: नाही चालत, म्हणून ‘पावसात छत्री मोडली’.

यातून एक बारीक पण कामाची निवड हाती येते. फलाटावर उभा असलेला माणूस म्हणतो, ‘आठ वीसची रद्द झाली.’ बातमीत येतं, ‘लोकल रद्द करण्यात आली.’ घटना एकच. पहिल्या वाक्यात ती प्रवाशावर कोसळली आहे, दुसऱ्यात ती कोणीतरी ठरवली आहे. तुम्ही कोणाच्या बाजूने लिहिताय, त्यावर क्रियापद ठरतं.

## ५. ‘कडून’पासून जपून

पुस्तकातलं उदाहरण असतं: ‘पोलिसांकडून चोर पकडला गेला.’ परीक्षेला ठीक आहे. पण कर्ता सांगायचाच असेल तर मराठी माणूस ‘पोलिसांनी चोर पकडला’ म्हणतो, आणि नसेल सांगायचा तर ‘चोर पकडला गेला’ किंवा ‘चोर सापडला’. फिरवायचं आणि शिवाय कर्ताही लिहायचा, याची वेळ क्वचित येते. बातमीच्या मथळ्यात ‘पालिकेकडून कारवाई’ असतं, पण तिथे क्रियापदच नाही. जागा वाचवायची असते.

दुसरं, ‘कडून’ला दोन अर्थ आहेत. कोणी केलं तेही ‘कडून’, आणि कुठून आलं तेही ‘कडून’. आमच्या सोसायटीच्या एका नोटिशीच्या मसुद्यात मी लिहिलं होतं:

कंत्राटदाराकडून पाच हजार रुपये आगाऊ घेण्यात आले आहेत.

मला म्हणायचं होतं की कंत्राटदाराने ते घेतले, म्हणजे आपण दिले. समितीतल्या सगळ्यांनी वाचलं ते उलट: सोसायटीने कंत्राटदाराकडून पैसे घेतले. मसुदा समितीपुढे ठेवला तेव्हा एका आजोबांनी उभं राहून विचारलं, ‘काम त्याचं, मग त्याने आपल्याला पैसे कशाबद्दल दिले?’ त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, कारण वाक्याचा मराठीतला सरळ अर्थ तोच निघतो. घेणे, मागणे, स्वीकारणे, वसूल करणे या क्रियापदांबरोबर ‘कडून’ आलं की वाचणारा ते आधी ‘कुठून’ असंच घेतो. तिथे करणारा दाखवायला ‘कडून’ कधीही वापरू नका. ‘कंत्राटदाराला पाच हजार रुपये आगाऊ दिले आहेत’ एवढ्यात सगळं भागलं असतं.

‘कडून’ऐवजी ‘द्वारे’ लावून सुटका होत नाही. ‘द्वारे’ साधनाला लागतं: पत्राद्वारे कळवा, धनादेशाद्वारे भरा. ‘समितीद्वारे ठरवले गेले’मध्ये समिती म्हणजे जणू एखादं अवजार होते. कोणी आयोजित केलं ते ‘तर्फे’ने सांगा: मंडळातर्फे रक्तदान शिबिर. मध्यस्थ असेल तर ‘मार्फत’: एजंटामार्फत. समारंभात ‘हस्ते’: ज्येष्ठ सभासदांच्या हस्ते झेंडावंदन. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

आता ‘कडून’ मनापासून हवं असतं अशी एक जागा, आणि ती मला फार आवडते. ‘माझ्याकडून कप फुटला.’ यात करणारी मीच आहे, पण मी मुद्दाम फोडलेला नाही. ‘मी कप फोडला’ म्हटलं तर वेगळाच अर्थ होतो. ‘माझ्याकडून चूक झाली’, ‘माझ्याकडून दुर्लक्ष झालं’, ‘रागाच्या भरात माझ्याकडून बोललं गेलं’. मराठीत माफी मागायची ही अस्सल भाषा आहे. ‘बोलणे’ला इथे कर्मसुद्धा नाही, तरी ‘बोललं गेलं’ चालतं, कारण सांगायचं आहे ते हे की शब्द माझे होते पण ताबा माझा नव्हता. भाषांतरात ग्राहकाची माफी मागणारं पत्र आलं तर हा साचा आठवा. ‘आमच्याकडून झालेल्या विलंबाबद्दल’ असं लिहिलं की ते मराठी पत्र वाटतं.

## ६. सूचना आणि असमर्थता: इथे तयार साचे आहेत

पाट्या लिहिताना नवखा ‘कचरा टाकला जाऊ नये’, ‘चपला बाहेर काढल्या जाव्यात’ असं लिहितो. काही फिरवायची गरज नाही. ‘कचरा टाकू नये’, ‘चपला बाहेर काढाव्यात’, ‘वाहने उभी करू नयेत’. ही रूपं मुळातच कर्त्याशिवाय उभी राहतात आणि कर्माला जुळतात: चप्पल काढावी, बूट काढावेत. कोणाला उद्देशून आहे, ते न सांगता सगळ्यांना कळतं. आणि आज्ञार्थापेक्षा हे सौम्यही वाटतं, म्हणून शेजाऱ्यांना लिहिताना हेच.

असमर्थता सांगायला शक्य कर्मणी आहे. ‘मला आता जिना चढवत नाही’, ‘आजीच्याने काम करवत नाही’, ‘त्याचे हाल बघवत नाहीत’. हा जवळपास नेहमी नकारातच येतो, होकारात तो पुस्तकी वाटतो. ‘मी जिना चढू शकत नाही’ हे भाषांतरातलं वाक्य. दुखऱ्या गुडघ्याने बोललेलं वाक्य ‘चढवत नाही’ असतं. रुग्णांसाठीच्या प्रश्नावल्यांचं भाषांतर करत असाल तर हे रूप वापरा, नाहीतर म्हाताऱ्या माणसाला प्रश्न आपला वाटतच नाही.

## ७. एक नोटीस अथपासून इतिपर्यंत

माझा पहिला मसुदा, जसा होता तसा:

*सर्व सभासद याद्वारे सूचित केले जातात की सोसायटीद्वारे रविवारी पाण्याची टाकी साफ केली जाईल. सकाळी १० ते ४ पर्यंत पाणी उपलब्ध केले जाणार नाही. गाड्या टाकीजवळ उभ्या केल्या जाऊ नयेत. कंत्राटदाराकडून पाच हजार रुपये आगाऊ घेण्यात आले आहेत. टाकीचे तोडले गेलेले झाकण बदलले गेले आहे.*

एकेक वाक्य घेऊ. पहिल्यात ‘सभासदांना’ हवं, आणि नोटीस म्हणजे ठरवून केलेली कृती, म्हणून ‘कळवण्यात येते’. टाकी साफ करायचं समितीने ठरवलं आहे, तर ‘साफ करण्यात येणार आहे’. ‘सोसायटीद्वारे’ काढून टाकलं, कारण खाली सही सोसायटीचीच आहे.

दुसऱ्यात जोडीचं क्रियापद वापरू. पाणी ‘उपलब्ध केले जात’ नाही, ते येतं किंवा येत नाही. तिसऱ्यात सूचनेचा तयार साचा. चौथ्यात ‘कडून’चा घोटाळा काढला. पाचव्यात झाकण कोणी मुद्दाम तोडलं नव्हतं, ते फुटलं होतं. आणि ‘बदलले गेले’मधला ‘गेले’ पहिल्या पायरीप्रमाणे गाळला.

*सर्व सभासदांना कळवण्यात येते की, रविवारी आपल्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करण्यात येणार आहे. त्यामुळे सकाळी १० ते दुपारी ४ पर्यंत पाणी येणार नाही. कृपया आदल्या रात्री पाणी भरून ठेवावे. टाकीजवळ गाड्या उभ्या करू नयेत. कामासाठी कंत्राटदाराला पाच हजार रुपये आगाऊ दिले आहेत. टाकीचे फुटलेले झाकण बदलले आहे.*

मोजून बघा: पाच वाक्यांत सात फिरवलेली क्रियापदं होती, त्यांतली दोन उरली. ती दोन्ही निर्णय सांगणारी आहेत.

हे काकांना दाखवलं तेव्हा त्यांनी एकाच ठिकाणी पेन्सिल टेकवली. ‘अगं, हे पैसे द्यायचं कोणी ठरवलं?’ मी म्हटलं, ‘समितीच्या बैठकीत ठरलं, काका.’ ‘मग तसं लिही. टाकी कोणी साफ करायची ते गाळलंस तरी चालतं. पैशाचं वाक्य मात्र कर्त्याशिवाय सोडू नये.’ इतिवृत्तातही त्यांचा हाच नियम असायचा. ‘ठराव मंजूर करण्यात आला’ एवढ्यावर न थांबता त्याखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं हवीतच, कारण ‘करण्यात आला’ने झाकलेला माणूस तिथे परत दिसतो.

तेव्हा शेवटून दुसरं वाक्य मी असं केलं: ‘कामासाठी समितीने कंत्राटदाराला पाच हजार रुपये आगाऊ दिले आहेत.’ आणि नोटीस फळ्यावर लावली.